आधीचा बल्ब, नंतरचा बल्ब

नमस्कार श्रोतेहो. आजच्या पाठाचं सामान साधं आहे. बॅटरीचे दोन सेल, त्याच बॅटरीत बसणारे दोन छोटे बल्ब, वायरचे तीन तुकडे आणि सायकलच्या जुन्या ट्यूबची एक पट्टी. सेल एकामागं एक लावून ट्यूबच्या रबरानं घट्ट आवळा. एक वायर बल्बच्या बुडाच्या टोकाला टेकवायची, दुसरी बाजूच्या पत्र्याला. जळालेल्या मोटारीतली तांब्याची तार घेतली असेल, तर तिच्यावरचं वार्निश ब्लेडनं खरवडा. नाहीतर बल्ब लागत नाही आणि पोरं सेलला दोष देत बसतात. घरातल्या बोर्डाला मात्र यातलं काहीही लावायचं नाही. आपले दोन सेल मिळून ३ व्होल्ट, बोर्डात २३०.

चार्जिंगची नवी बॅटरी या पाठाला चालत नाही. तिच्यात एलईडी असतो, तो उलटा जोडला तर लागतच नाही. आणि माझं स्पष्ट मत आहे, जी वस्तू उघडून बघता येत नाही ती घरात आणूच नये. आमचे वडील रात्री हरभऱ्याला पाणी द्यायला जायचे, तेव्हाची पितळी बॅटरी मी अजून दुरुस्त करून वापरतो.

असो. पाठाचे टप्पे तीन. आधी अंदाज, मग निरीक्षण, मग कारण. परत सांगतो: अंदाज, निरीक्षण, कारण. आणि अंदाज पेनानं लिहायचा. पेन्सिलीनं लिहिला की बल्ब लागल्यावर पोरं हळूच खोडतात, आणि पाठ तिथंच संपतो.

कळंब तालुक्यातल्या एका शाळेवर मी सातवीला शिकवत होतो. दोन बल्ब एकाच फेऱ्यात, एकापुढं एक जोडायचे होते. विचारलं, कोणता जास्त उजळेल? जवळजवळ सगळ्या वह्यांत एकच उत्तर: सेलच्या वरच्या टोकाजवळचा. कारण काय? एकजण म्हणाला, "सर, पहिला बल्ब करंट खातो, उरलेला दुसऱ्याला." शेताच्या शेवटच्या वाफ्यापर्यंत पाणी पोचत नाही हे ज्यानं रोज पाहिलंय, तो असंच म्हणणार.

माझ्या मनात होतं, दोन्ही सारखेच मंद लागतील आणि वर्ग चकित होईल. खिडक्यांना पोती लावून अंधार केला. वायर टेकवली, तर पहिला बल्ब छान पिवळा, दुसऱ्याची नुसती लाल तार! वर्गानं टाळ्या वाजवल्या. माझ्या पोटात गोळा आला. चुकीची समजूत प्रयोगानंच खरी करून दाखवली होती.

मी कारण शोधतोय तोवर मागच्या रांगेतली एक मुलगी उठली. "सर, बल्बांची जागा बदलून बघू की. पहिला खात असंल तर आता दुसरा बल्ब उजळंल."

मी म्हटलं, थांब. आधी सगळ्यांनी नवा अंदाज लिहा. पेनानं. मग बल्ब अदलाबदल केले. उजळणारा बल्ब आता दुसऱ्या जागेवर होता, आणि तिथंही तोच उजळला! वर्ग गप्प. ती मुलगी म्हणाली, "मंग जागेचं काही नाही. बल्बच येगळा हाय."

बल्ब हातात घेऊन पत्र्यावरचे बारीक आकडे वाचले. दोन्ही २.५ व्होल्टचे, पण एक ०.२ अँपिअरचा, दुसरा ०.३ चा. एक कळंबच्या बाजारातून आणलेला, दुसरा लातूरहून. मी आकडे न बघताच जोडले होते. म्हणून सांगतो, बल्ब घेताना आकडे बघा. आकडे सारखे असले की दोन्ही सारखे लागतात, पुढचा असो की मागचा.

कारण थोडक्यात. सायकलची चेन बघा. पायडलजवळ जितक्या कड्या सरकतात तितक्याच मागच्या चाकाजवळ. चाक कड्या खात नाही, जोर घेतं. करंटही फेऱ्यात सगळीकडं तेवढाच असतो, बल्ब त्यातून ऊर्जा घेतो. ०.२ वाल्याची तार करंटला जास्त अडवते, म्हणून ३ व्होल्टमधला मोठा वाटा तिच्याकडं जातो आणि ती जास्त तापते.

मग त्या पोरांनी तेच दोन बल्ब एकेकटे सेलला लावले, तेव्हा ०.३ वाला जास्त उजळला. फेऱ्यात मंद, एकटा असताना तेजस्वी! एकट्याला पुरे ३ व्होल्ट मिळतात आणि त्याची तार जास्त करंट जाऊ देते. आता दोन्ही बल्ब एकापुढं एक जोडलेले असताना त्यातला एक काढून घेतला, तर दुसऱ्याचं काय होईल? वही घ्या, पेन घ्या, आधी अंदाज लिहा. मग बल्ब काढा.