सरकता सा आणि ठरलेला दो

श्रोतेहो, नमस्कार.

१७ सप्टेंबर जवळ आला की मराठवाड्यातल्या शाळांमधून मुक्तिसंग्राम दिनाच्या समूहगीतांच्या तालमी सुरू होतात. पेटीवर पांढरी एक धरून गाणं बसवलेलं असतं. मग लक्षात येतं की मुलांना खालचे सूर दबके लागताहेत, आणि पट्टी पांढरी दोनवर जाते. मुलं काही विचारत नाहीत. सा जरा वर गेला, बाकी सगळं तेच.

आता समजा, गाण्याची ओळ आहे 'सा रे ग म ग रे सा'. पाश्चात्त्य स्वरनामांत ती 'दो रे मि फा मि रे दो' होईल. पांढरी दोनवर गेल्यावर काय म्हणायचं, यावर दोन पंथ आहेत. पहिला म्हणतो, दो म्हणजे आपला सा. तो सरकला की सगळी नावं त्याच्याबरोबर सरकतात. हा मूव्हेबल दो. इंग्लंडमध्ये सेरा ग्लोव्हर या शिक्षिकेने मांडलेली पद्धत जॉन कर्वेन यांनी एकोणिसाव्या शतकात घडवून तिथल्या गायनवृंदांत पसरवली. हा विचार आपल्याला शिकवावा लागत नाही, सरगम तोच आहे.

दुसरा पंथ फ्रान्स, इटली, स्पेनकडचा. तिथे दो हे पांढरी एक या पट्टीचंच नाव आहे, ते हलत नाही. हा फिक्स्ड दो. तेव्हा आपली ओळ पांढरी दोनवर 'रे मि फा सोल फा मि रे' होते. यातला फा मात्र काळी तीन या पट्टीवर आहे. तीव्र झाला तरी म्हणायचं फाच! आधी मि आणि फा यांच्यात अर्ध्या स्वराचं अंतर होतं, आता पूर्ण स्वराचं झालं आणि अक्षरं जशीच्या तशी राहिली. म्हणजे तिथे अक्षर पट्टी सांगतं, अंतर सांगत नाही. आमच्या 'ग'नंतर शुद्ध 'म' मात्र कुठल्याही पट्टीत अर्धाच स्वर वर असतो.

समूहाला सुरात वाचायला शिकवताना मला हेच अंतर हवं असतं. एकदम सात स्वर म्हणून घेऊ नयेत. आधी फक्त सा आणि प, मग सा ग प. फळ्यावर स्वरांची उभी शिडी काढायची आणि छडीने उड्या मारत जायचं. नंतर एखादा स्वर गिळायचा: सा, रे, मनातल्या मनात ग, आणि म मोठ्याने. हा म बरोबर लागला तर मुलाने ग खरोखर आतून ऐकला आहे. नुसतं शेजाऱ्याचं ऐकून गाणारं मूल इथे उशिरा येतं, आणि ते लगेच कळतं.

कागदावर पाच रेषांचं नोटेशन असेल तर पहिलं काम म्हणजे सा शोधणं. सुरुवातीला तीव्राची चिन्हं असतील तर शेवटचं चिन्ह 'नी'चं असतं, त्याच्या लगेच वर सा. कोमलाची असतील तर शेवटचं चिन्ह 'म'चं, तिथून ग, रे, सा असं खाली मोजायचं. ही खूण मोठ्या शुद्ध सप्तकाच्या गाण्याला लागू पडते.

खरी परीक्षा अंतऱ्यात. समजा, सा पांढरी एकवर आहे आणि अंतऱ्यात सूर 'प, ध, तीव्र म, प' असे जातात आणि तिथेच ठरतात. समूह हा तीव्र म हटकून उतरा गातो, कारण कानात अजून शुद्ध म बसलेला असतो. तेव्हा तिथेच पंचमाला सा म्हणायला लावावं. तेच सूर आता 'सा, रे, नी, सा' होतात, नी अर्थातच मंद्रातला. 'नी' म्हटलं की आवाज आपोआप 'सा'कडे ओढला जातो. मुलांना तो स्वर धरून ठेवायला सांगून पेटीची काळी तीन हलकेच दाबली, की चूक कळते: सूर उतरा असेल तर दोन आवाजांमध्ये थरथर ऐकू येते.

पण नाव बदलायचं कुठे, हे आधी पेन्सिलने कागदावर लिहून ठेवावं. ऐनवेळी अर्धा वर्ग प म्हणतो, अर्धा सा, आणि गोंधळात लय जाते.

सरकत्या 'सा'चा पंथ मोडतो तोही इथेच. काही आधुनिक रचनांत सा दर ओळीला हलतो, कधी तो सापडतच नाही. तिथे नावं बदलत बसण्यात गाणं राहून जातं, आणि रेषेवरची पट्टी पाहून थेट नाव घेणारा फिक्स्ड दोवाला पुढे निघून जातो. त्यासाठी त्याने लहानपणापासून ती नावं आणि ते सूर घोकलेले असतात. आठवड्यातून दोन तास मिळणाऱ्या शाळेच्या वृंदाने मात्र आधी सरकत्या 'सा'वरच रियाज करावा, असं माझं मत आहे.