पाहुण्यासमोर धुतलेले हात

अध्यक्ष महोदय आणि मित्रहो, पाहणीतून मिळणाऱ्या माहितीत शिरणाऱ्या तीन दोषांवर बोलण्याचे मी कबूल केले आहे. उत्तर देणारा चारचौघांत शोभेल असे उत्तर देतो, त्याची आठवण त्याला दगा देते, आणि कोणी पाहत असले की त्याचे वागणेच बदलते. तिन्ही दोषांसाठी उदाहरण एकच घेतो, हात धुण्याचे.

"शौचानंतर तुम्ही साबणाने हात धुता का?" या प्रश्नाला "नाही" म्हणणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. या सभागृहातही हात वर करायला सांगितले तर तो भेटणार नाही. उत्तरावर विसंबता येत नाही म्हटल्यावर आम्ही आरोग्यवाल्यांनी ठरवले की विचारायचे नाही, बसून पाहायचे. याला रचित निरीक्षण म्हणतात. निरीक्षक काही तास घरात बसून राहतो आणि शौचानंतर, बाळाची शी काढल्यावर, स्वयंपाकाआधी कोणी काय केले याच्या खुणा तक्त्यात करतो.

असा मी एकदा एका गावात सकाळी साडेसहाला ओसरीवर घोंगडीवर बसलो होतो. "घरातली रोजची कामे पाहायची आहेत" एवढेच आम्ही सांगितले होते. मोरीच्या कट्ट्यावर साबणाची कोरी वडी होती, तिच्यावरचे नाव ठसठशीत वाचता येत होते आणि वेष्टणाचा एक तुकडा अजून खाली चिकटलेला होता. सून गोठ्यातून आली, तिने हात धुतले. पीठ मळण्याआधी पुन्हा धुतले. तेवढ्यात पाच वर्षांचा नातू परसातून धावत आला आणि थेट भाकरीला हात घालणार, तोच आजीने डोळे वटारले. "आरं, पाव्हणं बसल्यात. साबण लाव!" पोरगा भाबडेपणाने म्हणाला, "त्यो तर आंघुळीचा हाय न्हवं?" आता मी खूण कोठे करायची? "साबणाने हात धुतले" या रकान्यात केली, कारण "पाहुण्यामुळे धुतले" असा रकाना तक्त्यात नव्हता.

तो रकाना पुढे बांगलादेशातल्या संशोधकांनी वेगळ्या रीतीने भरला. त्यांनी दिसायला साध्या असलेल्या साबणाच्या वडीत हालचाल टिपणारा संवेदक बसवला, ती वडी खेड्यातल्या घरांत ठेवली आणि निरीक्षक मागाहून पाठवला. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार निरीक्षकाच्या दिवशी वडीची हालचाल आधीच्या दिवसांपेक्षा सुमारे ३५ टक्क्यांनी वाढली. अर्थात वडी हलली म्हणजे हातच धुतले असे नव्हे. भांडी, कपडे, आंघोळ यांसाठीही ती हलते. पण निरीक्षक आल्याने किती फरक पडतो, याचा अंदाज निरीक्षकाविना घेता आला, ही त्यातली खुबी.

या तिसऱ्या दोषाला हॉथॉर्न परिणाम म्हणतात, आणि माझी एक जुनी तक्रार येथेच मांडतो. शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२४ ते १९२७ या काळात दिव्यांचे प्रयोग झाले. प्रकाश वाढवा की कमी करा, उत्पादन वाढतच गेले, असे आपण वर्गात शिकवतो. पुढे लेव्हिट आणि लिस्ट या अर्थशास्त्रज्ञांनी हरवलेली मानली गेलेली मूळ आकडेवारी शोधून पुन्हा तपासली. दिव्यांतले बदल रविवारी केले जात, म्हणून नव्या प्रकाशाचा पहिला दिवस सोमवार असे, आणि सोमवारचे उत्पादन दिवे न बदलताही शनिवारपेक्षा जास्तच असे. म्हणजे ज्या कारखान्यावरून नाव पडले, तेथला पुरावाच तकलादू. साबणाच्या वडीचा त्याहून भक्कम.

चिठ्ठी आली आहे, पाच मिनिटे उरली. आठवणीचा दोष राहिला, तो घाईने सांगतो. आपल्याकडच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बाळाला गेल्या दोन आठवड्यांत जुलाब झाले का, असे आईला विचारतात. कालचे जुलाब तिला आठवतात, बाराव्या दिवसाचे सौम्य जुलाब निसटतात, आणि तीन आठवड्यांपूर्वीचे मोठे आजारपण मात्र "परवाचेच" वाटून आत येते. त्यात साबण आपणच फुकट वाटला असेल, तर "जुलाब थांबले" असे भिडेखातर सांगणे ओघाने आलेच. तेव्हा ही चूक सर्व घरांत सारखी राहत नाही, साबण मिळालेल्या घरांकडे झुकते, आणि मग नमुना कितीही मोठा घेतला तरी ती भरून निघत नाही.

यावर उपाय म्हणून मुदत कमी करावी आणि वारंवार जावे, तर काय होते ते केनियात दिसले. तेथे काही घरांत दर पंधरवड्याला आणि काहींत सहा महिन्यांनी विचारणा झाली. वारंवार विचारलेल्या घरांत पाण्यात क्लोरीन टाकण्याचे प्रमाण वाढले आणि मुलांच्या जुलाबांच्या तक्रारी घटल्या. क्लोरीनची वाढ खरी असेल, तर आठवण ताजी ठेवण्यासाठी मारलेल्या फेऱ्यांनी वागणेच बदलले. म्हणून माझ्या विद्यार्थ्यांना मी इतकेच सांगतो, की साबण मिळालेल्या आणि न मिळालेल्या दोन्ही गटांत फेऱ्या सारख्या ठेवा, काही घरे शेवटच्या दिवसापर्यंत अस्पर्श ठेवून ताडून पाहा, आणि मोरीवरची वडी कोरी आहे की झिजलेली, हे बसण्याआधी लिहून घ्या.