डोपामिन : एकच रेणू, चार वाटा

(दृश्य : परळ. सकाळची वेळ, केईएम रुग्णालयाच्या फाटकातून आत जाणारी माणसं.)

परळच्या या केईएम रुग्णालयात रुस्तम जाल वकील नावाचे हृदयरोगतज्ज्ञ काम करायचे. आपल्याकडे सर्पगंधेचं मूळ पिढ्यानपिढ्या औषधात वापरलं जात होतं. डॉ. वकिलांनी उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांना ते देऊन पाहिलं आणि मिळालेले निष्कर्ष १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापले. त्यानंतर जगभराचं लक्ष या झुडपाकडे वळलं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या रसायनशास्त्रज्ञांनी त्यातून रेसरपिन हे द्रव्य वेगळं काढलं.

रेसरपिनने रक्तदाब उतरायचा, पण काही रुग्ण मंद व्हायचे. चेहरा निर्विकार, हालचाल संथ, मन उदास. हे का होतं, या प्रश्नाच्या मागे लागलेल्यांमध्ये स्वीडनचे अर्विद कार्लसन होते.

(दृश्य : प्रयोगशाळेचं रेखाचित्र. पिंजऱ्यात कान पाडून बसलेला ससा.)

कार्लसन यांनी सशांना रेसरपिन दिलं. ससे जागे असूनही जागचे हलेनात. मग त्यांना एल-डोपा टोचलं, आणि थोड्याच वेळात ससे उठून फिरू लागले. सेरोटोनिन हे मेंदूतलं दुसरं रसायन ज्यापासून बनतं ते द्रव्य टोचून पाहिलं, तर त्याचा असा काहीच परिणाम झाला नाही. हा प्रयोग १९५७ चा. एल-डोपापासून मेंदूत डोपामिन बनतं. तोवर डोपामिन म्हणजे दुसरं रसायन तयार होतानाचा एक मधला टप्पा, एवढीच त्याची ओळख होती. सशांनी दाखवून दिलं की हालचालीसाठी ते स्वतःच लागतं. २००० साली कार्लसन यांना नोबेल मिळालं.

यातला एक तपशील माझ्या मनातून जात नाही. ससे बेशुद्ध नव्हते, त्यांना झटके येत नव्हते, श्वास चालू होता. मेंदूतलं डोपामिन जवळजवळ संपलं होतं, तरी मेंदू बंद पडला नव्हता. मग हा रेणू नेमकं करतो काय?

(दृश्य : चेतापेशींच्या जाळ्याचं ॲनिमेशन.)

ते समजायचं तर आधी मेंदूतली दोन मोठी न्यूरोट्रान्समीटर, म्हणजे एका चेतापेशीचा संदेश दुसरीकडे नेणारी रसायनं, पाहायला हवीत. पहिलं ग्लुटामेट. ते पुढच्या चेतापेशीवर बसलं की तिच्यातली दारं उघडतात, सोडियम आत शिरतं आणि पेशी उत्तेजित होते. दुसरं गाबा. त्याच्या दारातून क्लोराइड आत येतं आणि पेशी शांत होते. दोन्हींचं काम काही मिलिसेकंदांत उरकतं, आणि मेंदूचा एकही कोपरा त्यांच्याशिवाय नाही.

गंमत म्हणजे गाबा बनतं ते ग्लुटामेटपासूनच. एक एन्झाइम ग्लुटामेटचा छोटासा तुकडा तोडतं, आणि चेतवणाऱ्या रेणूचा शमवणारा रेणू होतो. त्या एन्झाइमला बी-६ जीवनसत्त्व लागतं. मुंबईतल्या डॉक्टरांना याचा थेट अनुभव येतो तो टीबीच्या औषधामुळे. आयसोनियाझिड फार मोठ्या प्रमाणात पोटात गेलं तर ते बी-६ निकामी करतं. गाबा बनेनासं होतं, ग्लुटामेटला आवर राहत नाही, आणि माणसाला एकामागून एक झटके येऊ लागतात. त्यावरचा उतारा म्हणजे शिरेतून दिलेलं बी-६.

थोडक्यात, गाबा कमी पडलं तर झटके येतात. ग्लुटामेटचं एक महत्त्वाचं दार, एनएमडीए रिसेप्टर, केटामाइनने अडवलं तर माणूस भुलीत जातो. आणि डोपामिन गेलं तर माणूस जागा असतो, पण हलत नाही.

डोपामिन स्वतः कुठलंच सोडियमचं किंवा क्लोराइडचं दार उघडत नाही. पेशीवर ते ज्या जागी जाऊन बसतं ते त्याचे रिसेप्टर, डी-१ ते डी-५ असे पाच. ते पेशीच्या आतली रासायनिक साखळी हलवतात, आणि तिचा परिणाम दिसायला जास्त वेळ लागतो. ग्लुटामेट आणि गाबा हे लोकलचे हिरवे-लाल सिग्नल मानले, तर डोपामिन ही सगळ्या फलाटाला ऐकू जाणारी घोषणा आहे. ती गाडी हलवत नाही, पण माणसं कुठल्या गाडीकडे वळतील ते ठरवते.

(दृश्य : एका पेशीचा जवळून आराखडा, फांद्यांवर बारीक काटे.)

मेंदूच्या खोल भागात स्ट्रायटम आहे. तिथल्या बहुतेक पेशींच्या फांद्यांवर बारीक काटे असतात. काट्याच्या टोकावर मेंदूच्या पृष्ठभागाकडून ग्लुटामेट येतं. त्याच काट्याच्या मानेपाशी डोपामिन पोचतं. पेशीवर डी-१ असेल तर आलेला ग्लुटामेटचा संदेश बळावतो, डी-२ असेल तर तो दबतो. आणि ही पेशी स्वतः पुढे जे सोडते ते गाबा. तीन रेणू एकाच पेशीवर भेटतात, आणि डोपामिनचं काम तिथे स्पष्ट दिसतं. संदेश ग्लुटामेटचाच असतो. त्याला किती महत्त्व द्यायचं, हे डोपामिन ठरवतं.

माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी आहेत. त्यांतल्या मध्यमेंदूतल्या डोपामिनच्या पेशी अवघ्या चार ते सहा लाख. म्हणूनच त्या कुठून निघतात आणि कुठे पोचतात, याला एवढं महत्त्व. १९६० च्या दशकात स्वीडनच्याच संशोधकांनी मेंदूच्या पातळ कापांना फॉर्मॅल्डिहाइडची वाफ दिली. डोपामिन असलेल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली हिरव्या चमकल्या, आणि त्या धाग्यांचा माग काढत डोपामिनच्या वाटांचा नकाशा तयार झाला.

(दृश्य : मेंदूचा उभा छेद. चार रंगीत वाटा एकेक करून उमटतात.)

हा नकाशा पुस्तकापेक्षा ओपीडीत जास्त चांगला कळतो. समजा, डोंबिवलीची सव्वीस वर्षांची एक मुलगी आईबरोबर मानसोपचार विभागात आली आहे. ही कुणा एकीची हकिगत नाही. रोज दिसणाऱ्या अनेकींवरून ती जुळवली आहे. गेले काही महिने तिला आवाज ऐकू येतात. शेजारच्या बाईचं खोकणंही आपल्यासाठीच खूण आहे असं तिला वाटतं. निदान होतं स्किझोफ्रेनियाचं. रिस्पेरिडोन सुरू होतं आणि डोस हळूहळू ६ मिलिग्रॅमपर्यंत जातो. हे औषध डी-२ रिसेप्टर अडवतं.

काही आठवड्यांत आवाज विरतात. खोकला पुन्हा नुसता खोकला होतो. ही पहिली वाट, मेसोलिंबिक. ती मध्यमेंदूतल्या व्हेंट्रल टेगमेंटल एरियापासून न्यूक्लियस अक्युम्बन्स या मेंदूतल्या खोल भागाकडे जाते. कशाकडे लक्ष द्यायचं, कशासाठी धडपडायचं, याचं वजन इथे ठरतं. डोपामिनला आनंदाचं रसायन म्हणतात ते मला पटत नाही. मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवर केलेल्या प्रयोगांत या पेशी अनपेक्षित रस मिळाला तेव्हा जोरात चेतल्या. रस मिळणार हे आधीच कळू लागल्यावर मात्र त्या सूचनेलाच चेतू लागल्या, रस प्रत्यक्ष मिळताना नाही. या वाटेत डोपामिन गरजेपेक्षा जास्त झालं की फालतू गोष्टींनाही भलता अर्थ चिकटतो.

पण गोळी एकच वाट निवडून अडवू शकत नाही. तिसऱ्या भेटीत आई सांगते, "डॉक्टर, ही चालताना हातच हलवत नाही हो. चेहराही कसा लाकडासारखा झालाय." ही दुसरी वाट, नायग्रोस्ट्रायटल. सबस्टॅन्शिया नायग्रा या काळसर पट्ट्यापासून ती स्ट्रायटमकडे जाते. कार्लसन यांच्या सशांची हालचाल इथेच थांबली होती. पार्किन्सन्समध्ये याच पट्ट्यातल्या पेशी मरतात. १९६० साली व्हिएन्नात ओलेह हॉर्निकिएविच यांनी मृत रुग्णांच्या स्ट्रायटममध्ये डोपामिन खूपच कमी असल्याचं दाखवलं. या मुलीच्या बाबतीत मात्र पेशी जिवंत आहेत, फक्त रिसेप्टर अडवले गेले आहेत. म्हणून डोस कमी केला की हे बहुधा ओसरतं.

मग मुलगी हळू आवाजात सांगते की तीन महिने पाळी आलेली नाही, आणि छातीतून दुधासारखा स्राव येतो. घरच्यांना धास्ती वेगळीच. आधी गर्भधारणेची चाचणी होते, ती नकारात्मक येते. मग प्रोलॅक्टिन हे दूध तयार करवणारं हार्मोन तपासतात. गरोदर नसलेल्या स्त्रीमध्ये ते रक्ताच्या दर मिलिलिटरमागे साधारण २५ नॅनोग्रॅमच्या आत असतं, तिचं ९४ निघतं. ही तिसरी वाट सर्वांत आखूड, ट्युबरोइन्फंडिब्युलर. हायपोथॅलॅमसमधल्या पेशी इथे डोपामिन रक्तात सोडतात. ते जवळच्या पिट्युटरी ग्रंथीपर्यंत जाऊन प्रोलॅक्टिनला सतत आवर घालतं. औषधाने तो आवर सुटतो. प्रोलॅक्टिन वाढतं आणि पाळी चालवणारे हार्मोन दबतात.

टोरांटोमध्ये २००० साली हॅलोपेरिडोल या अशाच औषधावर झालेल्या अभ्यासात मेंदूचा पेट स्कॅन करून रिसेप्टर मोजले गेले. साधारण ६५ टक्के डी-२ अडले की आजारावर परिणाम दिसू लागायचा. ७२ टक्क्यांच्या वर प्रोलॅक्टिन चढण्याची शक्यता वाढायची, आणि ७८ च्या वर अंग कडक होण्याची. गुण आणि त्रास यांच्यामधली जागा किती अरुंद आहे, ते या तीन आकड्यांत दिसतं. म्हणून डॉक्टर तिचा डोस टप्प्याटप्प्याने उतरवतात. प्रोलॅक्टिन खाली आलं नाही तर ॲरिपिप्राझोल थोड्या प्रमाणात जोडतात. ते डी-२ वर बसून त्याला पूर्ण बंद न करता अर्धवट चालू ठेवतं, त्यामुळे पिट्युटरीला आवर परत मिळतो. गोळ्या आपल्या मनाने एकदम बंद करायच्या नाहीत, हे आईला दोनदा बजावलं जातं, कारण आवाज परत येऊ शकतात.

(दृश्य : तपासणीची खोली. डॉक्टर मुलीचा हात कोपरात वाकवून पाहत आहेत.)

चौथी वाट मेसोकॉर्टिकल, मध्यमेंदूपासून कपाळामागच्या मेंदूकडे जाणारी. नियोजन, चिकाटी आणि मनात एखादी गोष्ट धरून ठेवणं हे तिच्यावर अवलंबून असतं. अनेक संशोधकांच्या मते स्किझोफ्रेनियात इथे डोपामिन आधीच कमी असतं. डी-२ अडवणारी गोळी ही उणीव भरून काढत नाही, कधी वाढवतेही. हे तपासणं अवघड, कारण बाहेरून दिसतं ते सारखंच. मुलगी दिवसभर खाटेवर बसून असते, बोलत नाही. हे दुसऱ्या वाटेमुळे की चौथ्या?

डॉक्टर आधी तिचा कोपर सावकाश वाकवतात. दातेरी चाक फिरावं तसा अडखळत वाकला तर कडकपणा औषधाचा. मग विचारतात, "करावंसं वाटतं पण हात चालत नाहीत, की करावंसंच वाटत नाही?" करावंसं वाटतं असं म्हणाली, तर डोस आणखी खाली येतो. करावंसंच वाटत नाही म्हणाली, तर आधी उदासीनतेचा आजार जडला आहे का ते पाहतात, आणि तो नसेल तर गोळ्या वाढवून काही साधत नाही. मग रोजची आंघोळ, भाजी निवडणं, स्टेशनपर्यंत चालत जाणं असं वेळापत्रक आई आणि समाजसेविका मिळून बांधतात.