पडद्यावरचं नाव कोण लिहितं?

श्रोतेहो, नमस्कार.

फोन वाजतो, पडद्यावर तुमच्या बँकेचं नाव उमटतं आणि फोन उचलण्याआधीच आपण मनात कबूल केलेलं असतं की बँकेचा फोन आलाय. आज मला एवढंच विचारायचं आहे, की ते नाव तिथं लिहिलं कुणी? बँकेनं लिहिलं असं बहुतेकांना वाटतं. पण बँकेचा त्यात बहुतेक वेळा काडीचाही संबंध नसतो.

एक मावशी कल्पून घेऊ. मावशी व्यवस्थित आहेत. बँकेचं कार्ड आलं त्याच दिवशी त्यांनी कार्डाच्या मागे छापलेला मदत केंद्राचा नंबर मोबाइलमध्ये ‘माझी बँक’ या नावानं साठवून ठेवला. आता त्या नंबरावरून फोन आला, की मोबाइल काय करतो? येणाऱ्या कॉलबरोबर आलेला नंबर घेतो, मावशींच्या यादीत शोधतो, सापडला की त्यापुढचं नाव पडद्यावर दाखवतो. देशाचा क्रमांक कधी असतो, कधी नसतो, सुरुवातीचं शून्य कधी लागतं, कधी नाही, म्हणून पुष्कळ फोन फक्त शेवटचे काही अंक जुळवून समाधान मानतात. म्हणजे ‘माझी बँक’ ही अक्षरं मावशींनीच टाइप केलेली आहेत आणि मावशींचाच फोन ती मावशींना वाचून दाखवतोय.

नंबर साठवलेला नसेल तर? मग नाव दुसरीकडून येतं. काही देशांत फोन कंपन्या नावांच्या नोंदी ठेवतात. अमेरिकेत ही सोय जुनी आहे. तिथं कॉल पोहोचवणारी कंपनी आलेल्या नंबरावरून एका डेटाबेसमध्ये नाव शोधते आणि जास्तीत जास्त पंधरा अक्षरांत ते दाखवते. जुन्या लँडलाइनवर हा मजकूर पहिल्या आणि दुसऱ्या रिंगच्या मधल्या शांततेत सुरांच्या रूपात पाठवला जायचा, म्हणून पहिल्याच रिंगला झडप घालून फोन उचलणाऱ्याला नाव दिसायचंच नाही. तिसरा मार्ग म्हणजे नाव सांगणारी ॲप. हजारो लोकांनी आपापल्या यादीत एखादा नंबर ज्या नावानं ठेवला असेल, त्यावरून ती अंदाज बांधतात.

तिन्ही मार्गांत एक गोष्ट सारखी आहे. नाव कॉलबरोबर प्रवास करून आलेलं नसतं. कॉलबरोबर येतो तो नंबर, आणि नाव त्या नंबरावरून शोधून काढलेलं असतं. शोधणारा प्रत्येक जण प्रामाणिक असतो. तुमचा फोन खोटं बोलत नाही, डेटाबेस खोटं बोलत नाही, ॲपही नाही. पण नंबरच खोटा दिला, तर हे सगळे प्रामाणिक साक्षीदार एका सुरात चुकीचं उत्तर देतात.

मग नंबर कुठून येतो? एका टोकाची कंपनी कॉल जोडायला निघते तेव्हा पुढच्या कंपनीला एक संदेश पाठवते: अमुक नंबराला फोन लावायचा आहे, लावणाऱ्याचा नंबर अमुक. पाकिटावर ‘प्रति’ आणि ‘प्रेषक’ असतात, तसंच समजा. ‘प्रति’ चुकलं तर पत्र पोहोचणार नाही, म्हणून ते सगळे काळजीनं वाचतात. ‘प्रेषक’ काय लिहिलंय यावर पत्राचं पोहोचणं अवलंबून नसतं, म्हणून पोस्टमन त्याची उलटतपासणी करत बसत नाही. फोनच्या जाळ्यातही नेमकं हेच होतं. फोनचं जाळं रचलं गेलं तेव्हा त्यात मोजक्या मोठ्या कंपन्या होत्या आणि त्या एकमेकींच्या शब्दावर विश्वास ठेवायच्या. पुढे इंटरनेटवरून फोन लावणं स्वस्त झालं, लहानमोठ्या असंख्य कंपन्या आल्या, पण विश्वासाची पद्धत तीच राहिली. गंमत म्हणजे जुन्या पद्धतीच्या संदेशात एक बारीकशी खूणही असते: हा नंबर आमच्या जाळ्यानं स्वतः घातला आहे, की ग्राहकानं दिला तो तसाच पुढे ढकलला आहे. फक्त ती खूण तुमच्या पडद्यापर्यंत सहसा येत नाही.

तुम्ही म्हणाल, ग्राहकाला स्वतःचा नंबर स्वतः लिहू द्यायचाच कशाला? कारण रास्त आहे. मोठ्या रुग्णालयात शंभर टेबलांवर शंभर फोन असतात. रुग्णाला फोन गेला तर पडद्यावर तिसऱ्या मजल्यावरच्या टेबलाचा नंबर दिसण्यापेक्षा मुख्य नंबर दिसावा हे सोयीचं. बँकेसाठी फोन करणारं कॉल सेंटर दुसऱ्याच गावात, दुसऱ्याच कंपनीचं असतं, तरी नंबर बँकेचा दिसावा लागतो. म्हणून दाखवायचा नंबर आणि बिलाचा खरा नंबर हे वेगळे असू शकतात, आणि कार्यालयांच्या फोन यंत्रणेत दाखवायचा नंबर हा सेटिंगमधला एक रकाना असतो. जबाबदार फोन कंपनी तपासते, की या ग्राहकानं रकान्यात लिहिलेला नंबर खरोखर त्याचा आहे का. बेफिकीर कंपनी तपासत नाही. सोंग घेणाऱ्याला अशी एकच कंपनी पुरते.

आता मावशींकडे परत जाऊ. भामट्याकडे मावशींचा मोबाइल नंबर आणि बँकेचं नाव आहे, कुठल्या तरी फुटलेल्या यादीतून मिळालेलं. बँकेच्या मदत केंद्राचा नंबर गुप्त नाहीच, तो कार्डावर आणि वेबसाइटवर छापलेला असतो. भामटा तो रकान्यात भरतो आणि फोन लावतो. मावशींच्या पडद्यावर ‘माझी बँक’. पलीकडून सौम्य आवाज: “तुमच्या खात्यातून संशयास्पद व्यवहार होतोय, आम्ही थांबवून धरलाय.” मावशी हुशार, त्या विचारतात, “तुम्ही बँकेतूनच बोलताय कशावरून?” या प्रश्नाची तो वाटच बघत असतो. “बरोबर विचारलंत. कार्डाच्या मागे बघा. तिथला नंबर आणि तुम्हाला दिसतोय तो नंबर एकच आहे ना?” मावशी चष्मा लावून एकेक अंक ताडून बघतात. एकच असतो. इथं मावशींची सावधगिरीच त्यांच्यावर उलटते. मला या सगळ्या प्रकारातलं हे सर्वांत क्रूर वाटतं.

हे कुणी एकटादुकटा कसबी तंत्रज्ञच करतो असंही नाही. ‘आयस्पूफ’ नावाची वेबसाइट हीच सेवा भाड्यानं द्यायची. पैसे भरा, हवा तो नंबर लिहा, फोन लावा. लंडनच्या पोलिसांनी इतर देशांच्या मदतीनं नोव्हेंबर 2022 मध्ये ती बंद पाडली. ऑगस्ट 2022 पर्यंतच्या बारा महिन्यांत तिच्यावरून जगभरात सुमारे एक कोटी फसवे कॉल गेले, असं पोलिसांनी सांगितलं. ती चालवणाऱ्याला 2023 मध्ये तेरा वर्षं चार महिन्यांची शिक्षा झाली.

उपाय नाहीत असं नाही. अमेरिकेत 30 जून 2021 पासून मोठ्या फोन कंपन्यांना ‘स्टर-शेकन’ नावाची पद्धत बंधनकारक झाली. त्यात कॉल जिथून निघतो ती कंपनी त्यावर डिजिटल सही करते आणि सोबत दर्जा देते. ‘ए’ म्हणजे हा ग्राहक आम्हाला माहीत आहे आणि हा नंबर वापरायचा त्याला हक्क आहे. ‘बी’ म्हणजे ग्राहक माहीत, पण नंबराची खात्री नाही. ‘सी’ म्हणजे कॉल फक्त आमच्या दारातून आत आला, बाकी आम्हाला काही ठाऊक नाही. परदेशातून आलेले कॉल पुष्कळदा या ‘सी’मध्येच पडतात. आणि ही सही इंटरनेट पद्धतीच्या जोडणीवरच टिकते. वाटेत एखादं जुनं एक्स्चेंज लागलं, की सही तिथंच गळून पडते आणि पुढे नुसता नंबर जातो. शिवाय ‘ए’ दर्जा नंबराबद्दल आहे, माणसाबद्दल नाही. भामट्यानं रीतसर स्वतःचा नंबर घेतला, तर त्यालाही ‘ए’ मिळतो.

मला जास्त आवडलेला उपाय साधा आहे. बँकेचे काही नंबर असे असतात, की त्यांवर लोक फोन करतात, पण बँक त्यांवरून कधीच फोन लावत नाही. ब्रिटनमध्ये ऑफकॉम ही नियामक संस्था अशा नंबरांची यादी फोन कंपन्यांना देते. त्या नंबरावरून येतोय असं सांगणारा कॉल उघड खोटा, म्हणून कंपनी तो वाटेतच अडवू शकते. पण यादीत नसलेल्या नंबरांना हे कवच नाही.

मग मावशींच्या हातात काय उरतं? एक फार मोठी गोष्ट उरते. सोंग एकाच दिशेनं चालतं. भामट्यानं पाकिटावर प्रेषक म्हणून बँकेचा पत्ता लिहिला, तरी त्या पत्त्यावरचं घर काही त्याच्या मालकीचं झालं नाही. मावशींनी फोन ठेवला आणि कार्डावरचा नंबर स्वतः लावला, तर घंटी खऱ्या बँकेतच वाजते. म्हणूनच भामटा सगळी ताकद एकाच गोष्टीवर लावतो: फोन ठेवू द्यायचा नाही. “लाइन सोडू नका, व्यवहार पुढे सरकेल.” किंवा “मीच तुम्हाला विभागप्रमुखांकडे जोडून देतो.” किंवा तो स्वतःच दुसरा नंबर सांगतो आणि त्यावर खात्री करा म्हणतो. बँकेच्या खऱ्या कर्मचाऱ्याचं तुम्ही फोन ठेवल्यानं काहीच बिघडत नाही.

लँडलाइनवर मात्र एक जुनी खोच आहे. काही एक्स्चेंजमध्ये फोन घेणाऱ्यानं रिसीव्हर खाली ठेवला, तरी लावणाऱ्यानं ठेवेपर्यंत लाइन काही काळ जिवंत राहते. भामटे त्याचा फायदा घेत. मावशी रिसीव्हर ठेवत, लगेच उचलत, तेव्हा पलीकडून डायल टोनचं रेकॉर्डिंग ऐकवलं जाई. मावशी नंबर फिरवत, थोडी घंटी वाजल्यासारखी होई आणि दुसराच आवाज म्हणे, “नमस्कार, बँकेचं मदत केंद्र.” तो पहिल्या भामट्याच्या शेजारी बसलेला असे. हा अवधी आता बऱ्याच ठिकाणी काही सेकंदांवर आणला आहे. तरीही लँडलाइन असेल, तर परतीचा फोन दुसऱ्या फोनवरून लावावा, किंवा आधी ओळखीच्या कुणाला तरी लावून बघावा. भाचीचा आवाज ऐकू आला, तर लाइन मोकळी झाली म्हणायची.

मेसेजचंही असंच आहे, तेवढं सांगून थांबतो. मेसेज पाठवणाऱ्याचं नाव अक्षरांत लिहिता येतं, अकरा अक्षरांपर्यंत. काही देशांत अशी नावं आधी नोंदवावी लागतात, काही ठिकाणी नाही. तुमचा फोन मेसेज त्या नावानुसार एकत्र लावतो. त्यामुळे बँकेच्या नावानं आलेला खोटा मेसेज बँकेच्या खऱ्या मेसेजच्या रांगेत, कालच्या शिल्लक रकमेच्या मेसेजच्या बरोबर खाली येऊन बसतो. वर दोन वर्षांचे खरे मेसेज, खाली हा एक. त्याला तिथं बसवलेलं असतं ते पुन्हा आपल्याच फोननं.

नमस्कार.