‘कंप्रेसर खराब आहे’ हे शपथेवर कोण सांगणार?

(ग्राहक कार्यकर्त्यांच्या शिबिरातील व्याख्यान, बोलण्याच्या ओघातले काही भाग गाळून संपादित केले आहे.)

जिल्हा आयोगात साक्षीदाराचा पिंजरा रोज लागत नाही, ही गोष्ट आधी लक्षात घ्या. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम ३८(६) प्रमाणे तक्रारीची सुनावणी शपथपत्र आणि कागदोपत्री पुरावा यांवरच होते. कुणाची तोंडी तपासणी हवी असेल, तर त्यासाठी वेगळा अर्ज द्यावा लागतो, सबळ कारण दाखवावे लागते आणि परवानगी द्यायची झाली तर आयोगाला कारणे लिहून द्यावी लागतात. म्हणजे तुमच्या तक्रारदाराला जे काही सांगायचे आहे ते बहुतेक वेळा शपथपत्राच्या दोन-तीन पानांतच सांगून व्हायला हवे. “साहेबांपुढे मी सगळं नीट समजावून सांगेन” अशी आशा धरून बसलेली माणसे मी पुष्कळ पाहिली आहेत. सांगायची वेळच येत नाही.

दुसरे असे की, विरुद्ध पक्षाचा लेखी जबाब आल्यानंतर पुराव्याचे शपथपत्र द्यायचा टप्पा येतो. त्या वेळी आपल्याकडे सर्रास काय होते? “तक्रारीसोबतचे शपथपत्र हाच पुरावा समजावा” अशी एका ओळीची पुरसीस दिली जाते. माझा त्याला विरोध नाही, पण मग पहिल्याच शपथपत्रात तेवढी ताकद हवी. “तक्रारीतील संपूर्ण मजकूर खरा व बरोबर आहे” एवढेच लिहिलेल्या कागदाला पुरावा समजा म्हटले, तर आयोगाने त्यात समजायचे काय?

एक उदाहरण घेऊ. नावे नकोत, तक्रारदार म्हणू. त्यांनी १२ एप्रिल २०२४ रोजी साताऱ्यातल्या एका दुकानातून ३८,५०० रुपयांचा फ्रिज घेतला. ३ जूनला तो थंड करेनासा झाला. ६ जूनला सर्व्हिस सेंटरचा माणूस आला, गॅस भरून गेला. २९ जूनला पुन्हा तेच. २ जुलैला दुसरा माणूस आला आणि जॉबशीटवर लिहून गेला, ‘कंप्रेसर बदलणे आवश्यक, पार्ट उपलब्ध नाही’. २० जुलैला तक्रारदाराने कंपनीला ईमेल केला. २७ जुलैला उत्तर आले की, विजेचा दाब कमीजास्त झाल्याने बिघाड झाला आहे, तो वॉरंटीत बसत नाही. १६ ऑगस्टला नोटीस रजिस्टर पोस्टाने गेली, २० ऑगस्टला पोहोचली, उत्तर आले नाही.

यांनी स्वतः लिहून आणलेला कच्चा मसुदा असा होता: “सामनेवाल्यांनी मला जाणूनबुजून सदोष फ्रिज विकून माझी घोर फसवणूक केली असून त्याचा कंप्रेसर सुरुवातीपासूनच खराब होता व वारंवार विनंती करूनही त्यांनी उडवाउडवीची उत्तरे देऊन मला प्रचंड मानसिक त्रास दिला.”

वाचायला जोरदार आहे. आता यातले तक्रारदाराला स्वतःला काय ठाऊक आहे, ते बघा. दुकानदाराच्या मनात काय होते हे त्यांना ठाऊक नाही, म्हणून ‘जाणूनबुजून’ गेले. ‘फसवणूक’ हा निष्कर्ष आहे, त्याची जागा तक्रारअर्जात आणि युक्तिवादात. ‘कंप्रेसर सुरुवातीपासून खराब’ हे तंत्रज्ञाचे मत झाले, आणि तक्रारदार तर शाळेत शिक्षिका आहेत. त्यांनी स्वतः पाहिले ते इतकेच: ३ जूनला बर्फ वितळला होता, दूध नासले होते. आणि त्यांच्या हातात एक जॉबशीट आहे, ज्यावर कंपनीच्याच माणसाने कंप्रेसर बदलायला सांगितले आहे. कंप्रेसर खराब आहे असे त्या शपथेवर सांगू शकत नाहीत. पण तसे अमुक तारखेला अमुक कागदावर त्यांच्यासमोर लिहून दिले गेले, हे बेलाशक सांगू शकतात. शिवाय ते पहिल्यापेक्षा वजनदार आहे, कारण आता खोडून काढायचे तर कंपनीला आपल्याच माणसाचे अक्षर खोडावे लागेल.

म्हणून मसुदा लिहायला बसण्याआधी कागद लावायला बसा, असे मी सांगतो. म्हणजे सगळे कागद तारखेप्रमाणे लावायचे, त्यांची कागदयादी करायची आणि प्रत्येकाला क्रमांक द्यायचा. बिल क्रमांक १, वॉरंटी कार्ड २, ६ जूनची जॉबशीट ३, २ जुलैची ४, ईमेल ५, त्याचे उत्तर ६, नोटीस ७, पोस्टाची पावती आणि पोहोच ८. आयोगात नंतर निशाणी क्रमांक पडतील ते वेगळे, पण आपली यादी आपल्याला हवीच. हे करताना बिलाकडे नीट बघा. दुकानातली बिले हल्ली थर्मल कागदावर छापतात, वर्षभरात अक्षरे उडून पांढरा कागद उरतो. त्यामुळे घेतल्या दिवशीच झेरॉक्स काढायला सांगत जा.

आता परिच्छेद. शपथपत्राची सुरुवात नेहमीचीच: मी, अमुक, वय, व्यवसाय, राहणार अमुक, सत्यप्रतिज्ञेवर कथन करते की. पुढे एका परिच्छेदात एकच घटना आणि तिच्या शेवटी तिचा कागद. मधले तीन परिच्छेद वाचून दाखवतो.

“३. दि. ०३/०६/२०२४ रोजी सकाळी फ्रिजमधील बर्फ वितळलेला व आतील दूध नासलेले मी पाहिले. त्याच दिवशी मी सामनेवाला क्र. २ यांच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदविली. दि. ०६/०६/२०२४ रोजी त्यांचा तंत्रज्ञ माझ्या घरी आला व त्याने गॅस भरल्याची नोंद करून मला जॉबशीट दिली (कागदयादी क्र. ३).

४. दि. २९/०६/२०२४ रोजी फ्रिज पुन्हा थंड करणे बंद झाले. दि. ०२/०७/२०२४ रोजी आलेल्या तंत्रज्ञाने माझ्यासमोर जॉबशीटवर ‘कंप्रेसर बदलणे आवश्यक, पार्ट उपलब्ध नाही’ असे लिहून सही केली (कागदयादी क्र. ४).

५. दि. २०/०७/२०२४ रोजी मी सामनेवाला क्र. २ यांना ईमेल पाठविला (कागदयादी क्र. ५). दि. २७/०७/२०२४ रोजी त्यांचे उत्तर आले, त्यात बिघाडाचे कारण विजेचा दाब असे दिले आहे (कागदयादी क्र. ६). दि. ०२/०७/२०२४ च्या जॉबशीटमध्ये विजेच्या दाबाचा उल्लेख नाही.”

शेवटचे वाक्य बघा. यात एकही विशेषण नाही, कुणाला खोटे म्हटलेले नाही, पण दोन कागद शेजारी ठेवले गेले. तुलना एवढीच करायची, तीही कागदावर दिसते तेवढीच. “म्हणून हे कारण नंतर रचलेले आहे” असे लिहायचा हात शिवशिवतो. ते वाक्य युक्तिवादासाठी राखून ठेवा. कागदातले शब्द उद्धृत करताना एकही अक्षर बदलू नका. जॉबशीटवर ‘पार्ट उपलब्ध नाही’ असेल तर तुम्ही ‘पार्ट देण्यास नकार दिला’ लिहायचे नाही. समोरचा वकील हाच फरक शोधत असतो आणि एक सापडला की बाकीच्या परिच्छेदांवरही बोट ठेवतो.

आता कागदच नाही अशा गोष्टींचे काय? तक्रारदार म्हणतात, मी दुकानात तीन-चारदा गेले होते. याचा पुरावा नाही. तारीख आठवते का? एक आठवते, १० जुलै, कारण त्या दिवशी शाळेला अर्धी सुटी घेतली होती. मग १० जुलैचे लिहा: कुणाशी बोलल्या, काय म्हणाल्या, तो काय म्हणाला. ‘तीन-चारदा’ आणि ‘वारंवार’ सोडून द्या. कागद नसलेले विधान चालतच नाही असे नाही. स्वतः पाहिलेले-ऐकलेले सांगता येते, फक्त ते तसे दिसले पाहिजे. आणि १५ जुलैचा फोन यजमानांनी घेतला असेल, तर तो यांच्या शपथपत्रात येणार नाही. यजमानांचे अर्ध्या पानाचे वेगळे शपथपत्र करा.

मानसिक त्रासाचा परिच्छेद सगळ्यांना लांबच लांब हवा असतो. या घरात सासूबाईंचे इन्सुलिन होते आणि ते महिनाभर शेजाऱ्यांच्या फ्रिजमध्ये ठेवावे लागले. हे लिहिले आणि सोबत डॉक्टरांची चिठ्ठी जोडली, की पुरे. ‘असह्य यातना’ लिहून त्यात भर पडत नाही.

सत्यापनाकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होते. टायपिस्टकडे तयार साचा असतो, त्यात “वरील सर्व मजकूर माझ्या माहिती व समजुतीप्रमाणे खरा आहे” असे येते. यातली माहिती कुठली आणि समजूत कुठली? सर्वोच्च न्यायालयाने ए. के. के. नंबियार यांच्या १९६९ च्या प्रकरणात सांगितले आहे की, सत्यापन असते ते मजकुराची सत्यता पारखता यावी आणि लिहून देणारा त्याला जबाबदार राहावा म्हणून. तेव्हा फोड करा: परिच्छेद १ ते ६ मधील मजकूर माझ्या व्यक्तिगत माहितीप्रमाणे खरा आहे, परिच्छेद ७, नोटीस पोहोचल्याबाबत, पोस्टाच्या पोहोचपावतीवरून मिळालेल्या माहितीप्रमाणे आहे व ती मी खरी मानते. नोटीस पोहोचली तेव्हा तुम्ही तिथे उभ्या नव्हता ना? मग ते व्यक्तिगत माहितीत कसे बसेल?

सही नोटरीसमोरच करायची, प्रत्येक पानावर, आणि खाडाखोड असेल तिथे शेजारी छोटी सही. आधी सही करून कागद कुणाच्या हाती नोटरीकडे पाठवणे, हा प्रकार बंद करा.

एका ताईंनी मघाशी चिठ्ठी पाठवली आहे: बिल दिराच्या नावावर आहे, तर तक्रार वहिनी करू शकतात का? करू शकतात. कलम २(७) मध्ये वस्तू घेणाऱ्याच्या संमतीने ती वापरणाराही ग्राहक धरला आहे. मात्र ही गोष्ट विरुद्ध पक्षाने काढायची वाट बघू नका. दुसऱ्याच परिच्छेदात लिहा की, बिल माझे दीर अमुक यांच्या नावे आहे, फ्रिज त्यांनी आमच्या घरी वापरासाठी दिला व खरेदीपासून मी तो वापरते. ‘संमती होती’ हे मात्र दिरांनी सांगायचे आहे, म्हणून त्यांचे चार ओळींचे शपथपत्र सोबत जोडा. पैसे वहिनींच्या खात्यातून गेले असतील, तर त्या तारखेचे बँकेचे पान कागदयादीत बिलाच्या लगेच खाली घ्या.