मध्यरात्रीचा रकाना

नमस्कार श्रोतेहो. आज बोलायचंय रिक्षाच्या भाड्याबद्दल. मीटरबद्दल म्हणत नाही हं मी, मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवलेल्या त्या भाड्याच्या कार्डाबद्दल. तुमच्यापैकी कितीतरी जणांकडे तो फोटो असणार, आणि कामाच्या वेळी तो सापडत नसणार.

दोन आकडे आधी सांगते, नंतर परत सांगेन. मुंबईत 1 फेब्रुवारी 2025 पासून रिक्षाचं पहिल्या दीड किलोमीटरचं भाडं 26 रुपये आहे आणि किलोमीटरचा दर 17 रुपये 14 पैसे. त्याआधी होतं 23, आणि किलोमीटरला 15 रुपये 33 पैसे. दर बदलले की रस्त्यावरच्या सगळ्या रिक्षांचे मीटर एका रात्रीत बदलून होत नाहीत. मधल्या दिवसांत मीटर जुना दर दाखवतं आणि नवा दर कार्डावर बघायचा असतो. आमचं भांडण झालं ते याच दिवसांत.

त्या फेब्रुवारीत माझी मावशी नागपूरहून आली. गाडी रात्री साडेदहाला लोकमान्य टिळक टर्मिनसला लागायची, ती लागली साडेबाराला. मी फलाटावर उभी. दोन तासांत तीन चहा झाले. आता चहावरून आठवलं, स्टेशनवरचा कप दर वर्षी बोटभर लहान होतोय आणि त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. दोन घोटांत संपतो हो! असो.

मावशी उतरली, रिक्षा मिळाली, निघालो विक्रोळीला, कन्नमवार नगरला. घाटकोपरला मावशी म्हणाली, "अगं, माझ्या बीपीच्या गोळ्या घरीच राहिल्या." रात्रभर उघडं असणारं मेडिकल शोधलं, रिक्षा थांबवली. मावशीनं गोळ्या घेतल्या, मग खोकल्याचं औषध, मग दुकानदाराला नागपूरच्या थंडीची माहिती. आठेक मिनिटं गेली असतील.

घरापाशी उतरलो तेव्हा मीटरवर 130 रुपये, अंतर साडेसात किलोमीटर. रिक्षावाले दादा म्हणाले, "ताई, मीटर जुनं आहे, कार्डावर बघू." त्यांनी फोन काढला, मी काढला, आणि मावशीनं तिसरा. तिला भाच्यानं व्हॉट्सअॅपवर पाठवलेला फोटो होता.

मावशीच्या फोटोत साडेसातसमोर रात्रीचे 144. दादांचा हिशेब 221. एकाच रस्त्याचे, एकाच रात्रीचे. मावशीनं पर्स मिटली आणि पायरीवर बसली. "मी नागपूरला याहून कमीत गाव फिरते." वरच्या मजल्यावर एक दिवा लागला.

मी तो फोटो मोठा करून पाहिला. वरचा भाग कापलेला, तारीखच नाही! तेव्हा पहिली ओळ बघितली. दीड किलोमीटर, समोर 23. म्हणजे 2022 चं कार्ड. श्रोतेहो, ही खूण लक्षात ठेवा. तारीख दिसली नाही तर पहिली ओळ बघा. 26 असेल तर कार्ड मुंबईतल्या नव्या दराचं, 23 असेल तर जुनं. आणि 31 दिसलं तर तुम्ही टॅक्सीचं कार्ड धरून बसलाय. पुण्याचं कार्ड असेल तर तिथे पहिल्या दीड किलोमीटरला 25 आणि पुढे किलोमीटरला 17. ते मुंबईत चालणार नाही.

आता दादांचे 221 कुठून आले? त्यांचं कार्ड नवंच होतं. साडेसातच्या ओळीत दिवसाचे 129 आणि मध्यरात्रीच्या रकान्यात 161. दादांनी 161 घेतले, त्यावर "रात्रीचे पाव" म्हणून 40 लावले आणि थांबल्याचे म्हणून गोल 20. झाले 221. चूक कुठे झाली, कळलं ना? मध्यरात्रीच्या रकान्यात पाव भाग आधीच मिळवलेला असतो. 129 चा पाव 32, मिळवले की 161. त्यावर पुन्हा पाव लावायचा नाही. रात्री बारा ते पहाटे पाच हा रकाना लागू, आणि तो एकदाच.

मी हे सांगितल्यावर दादा डोकं खाजवत हसले. फसवायचा हेतू होता असं मला नाही वाटलं. दर बदलून दहा-बारा दिवस झाले होते, तेही फोटोवरूनच शिकत होते. मावशी मात्र म्हणाली, "हसणाऱ्या माणसाशी व्यवहार करू नये." हे तिचं मत.

राहिलं थांबण्याचं. एका मिनिटाला किलोमीटरच्या दराचा दहावा भाग, म्हणजे 1 रुपया 71 पैसे. दादांनी मीटरवर थांबल्याची मिनिटं दाखवली, ती 10 होती. मावशी उसळली, "आठच थांबलो!" मेडिकलपाशी आठ, हे खरं. पण गाडी सिग्नलला उभी राहिली तरी मीटर ती मिनिटं धरतं. तर 10 मिनिटांचे 17 रुपये. 161 आणि 17, झाले 178.

आता एक बारकी गोष्ट, दोनदा सांगते. कार्ड फक्त अंतराचं असतं, त्यात थांबणं नसतं. मीटरवरच्या रुपयांत मात्र थांबणं धरलेलं असतं. म्हणून किलोमीटर बघून कार्ड वाचलंत तर थांबल्याचे पैसे वेगळे मिळवा, ते रिक्षावाल्याच्या हक्काचे आहेत. मीटरच्या रुपयांवरून हिशेब केलात तर पुन्हा मिळवू नका. आमचेच 130 घ्या. जुन्या दरानं साडेसात किलोमीटरचे 115 आणि 10 मिनिटांचे 15. मीटर बरोबर होतं, फक्त दर जुना आणि भाडं दिवसाचं.

मग दादा म्हणाले, "ताई, थांबलो तेही रात्रीच ना? त्या 17 वर पाव?" म्हणजे अजून 4 रुपये. मावशी पायरीवरून उठली. मी दोघांच्या मधे उभी राहून 180 काढले.

फोटो वाचताना अजून एक. फोन तिरका धरून काढलेल्या फोटोत ओळी उतरत्या दिसतात. साडेसातवर बोट ठेवून उजवीकडे सरकलं की नकळत 7.6 चं भाडं वाचलं जातं. म्हणून फोन आडवा करा, ओळ मोठी करा आणि तिच्याखाली दुसऱ्या हातातला कागद धरा, लाइटबिल असेना का. शंका आली तर त्याच ओळीतला दिवसाचा आकडा घ्या, त्याचा पाव मिळवा. रात्रीच्या आकड्याशी जुळला पाहिजे. रुपया इकडेतिकडे होईल, दहा नाही.

तर 26, आणि 17 रुपये 14 पैसे. रात्रीचा पाव एकदाच. थांबल्याच्या मिनिटाला 1 रुपया 71 पैसे.

दादांनी 180 खिशात घातले, गाडी वळवली आणि जाता जाता मावशीला म्हणाले, "मावशी, तो जुना फोटो काढून टाका." मावशीनं काढला नाही. गेल्या महिन्यात तिनं तोच मला पाठवला, खाली लिहिलं होतं, "उपयोगी माहिती, जपून ठेव."