हळदीचा डाग लाल झाला तर घाबरू नका

नमस्कार श्रोतेहो. चवथ आटोपली की म्हापशातल्या आमच्या धुलाईच्या दुकानात साड्यांची रीघ लागते. त्यातल्या बऱ्याच साड्यांचं नुकसान डागानं झालेलं नसतं, डाग काढायच्या घाईनं झालेलं असतं. म्हणून आज मुख्यतः हळदीच्या डागाबद्दल बोलते.

जेवताना अंगावर सांडतं ते नुसती हळद नसते. मुगागाठीचा रस घ्या: त्यात नारळाचं तेल असतं आणि हळदीचा रंग त्या तेलात मुरलेला असतो. हा रंग पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, पण तेलात आणि स्पिरिटमध्ये विरघळतो. त्यामुळे नळाखाली धरून कितीही चोळलं तरी डाग फक्त पसरतो. आधी तेल काढायचं, मग हळद.

सांडल्याबरोबर चमच्याच्या कडेनं रस उचलून घ्या आणि कोरडं फडकं नुसतं दाबा. मग वर टाल्कम पावडर किंवा कॉर्नफ्लोअर जाडसर पसरून रात्रभर ठेवा, म्हणजे तेल त्यात ओढलं जातं. सकाळी हलकेच झटका. तोवर इस्त्री लावू नका, उष्णतेनं जुनं तेल पिवळं पडून धाग्यात घट्ट बसतं.

आता कपड्याच्या रंगाची परीक्षा. जे द्रव वापरणार, त्यात पांढरं सुती फडकं भिजवून साडीच्या आतल्या दुमडीवर दोनेक मिनिटं दाबून धरा. फडक्यावर रंग उतरला तर ते द्रव त्या साडीला चालणार नाही. काठाची परीक्षा वेगळी घ्या. कुणबी साडीच्या लाल रंगाची तर घ्याच, कारण लाल रंग शेजारच्या पांढऱ्या चौकटीत उतरला की परत काढणं फार कठीण.

सुती कपडा या परीक्षेत टिकला तर सौम्य लिक्विड साबण डागाच्या उलट्या बाजूनं लावा आणि कोमट पाण्यात धुवा. इथेच बायका घाबरतात, कारण साबण लागताच पिवळा डाग लालबुंद होतो. कपड्याचा रंग बिघडलेला नसतो. साबणातल्या अल्कलीमुळे हळद लाल होते, कुंकू करताना हळदीत चुना घालतात तेव्हा होते तशीच. भरपूर पाण्यानं खळबळा, डाग पुन्हा पिवळा होईल. याचा उपयोगही आहे: डाग गेला असं वाटलं की तिथे साबणाच्या पाण्याचा एक थेंब टाका. गुलाबी झाक आली तर हळद अजून आहे.

उरलेला पिवळेपणा ऊन घालवतं, कारण प्रकाशात हळदीचा रंग विरतो. पण कपड्याचा रंगही उन्हात उडतो, म्हणून ओला डाग तेवढा उघडा ठेवून बाकीचं जाड कापडानं झाका आणि तासातासानं पाहा. पावसाळ्यात ऊन नसेल तर उजेडाच्या खिडकीशी ठेवा, वेळ जास्त लागेल एवढंच.

रेशमाचं तंत्र निराळं. रेशीम प्राणिज आहे. क्लोरीनच्या ब्लीचनं त्याचा धागाच विरघळतो, साध्या धुण्याच्या पावडरनं चमक मरते, आणि ओलं चोळलं तर बारीक तंतू तुटून पांढरट चट्टा उठतो, जो कशानंही जात नाही.

आमच्याकडे एक मोतिया रंगाची, हिरव्या काठाची रेशमी साडी आली होती. निऱ्यांवर रुपयाएवढा मुगागाठीचा डाग. परीक्षेत हिरवा काठ साबणाच्या पाण्यात रंग सोडत होता. मोतिया भाग सर्जिकल स्पिरिटला टिकला. म्हणून पाणी लावलंच नाही. पावडरनं तेल ओढून घेतल्यावर डागाखाली पांढऱ्या फडक्याची घडी ठेवली आणि स्पिरिटमध्ये भिजवून पिळलेल्या कापसानं कडेकडून मध्याकडे टिपत गेलो. खालची घडी पिवळी झाली की जागा बदलायची. घडीवर पिवळं यायचं थांबलं तिथे आम्हीही थांबलो. फिकट छटा राहिली ती सावलीतल्या उजेडात हळूहळू गेली. रेशमाला कडक ऊन दाखवायचं नाही. आणि स्पिरिट वापरताना समई, गॅस जवळ नको, खिडक्या उघड्या ठेवा.

बॉलपेनच्या शाईला हीच टिपायची पद्धत लागू पडते, कारण ती शाईही स्पिरिटमध्ये सुटते. शाईपेनच्या धुऊन जाणाऱ्या निळ्या शाईला, कपड्याचा रंग पाण्याला टिकत असेल तर, आधी गार पाणी पुरतं. त्यावर दूध ओतू नका, स्निग्धतेचा दुसरा डाग तयार होतो. काळ्या जेल पेनच्या शाईत बहुधा न विरघळणारी भुकटी असते. ती सुती कपड्यातून थोडी निघते, रेशमातून क्वचितच.

फडक्यावर रंग उतरला, किंवा डाग जरीला लागून असला, तर घरी काही करू नका. साडी ड्रायक्लीनिंगला द्या आणि डागाला दोऱ्याचा टाका घालून सांगा: हळद आहे, तेलातली आहे, कधी पडली आणि त्यावर काय काय लावून झालं.